साधेपणाचे भाषांतर : आधुनिक फारसी कविता आणि इंग्रजीतील ओळ

आधुनिक फारसी कविता इंग्रजीत वाचणाऱ्याला ती बहुधा अतिशय सोपी वाटते. शब्द रोजचे, वाक्ये छोटी, ओळी लहानमोठ्या. फुरूग फर्रुखजादच्या (१९३४–१९६७) १९६४ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘तवल्लुदी दीगर’ या संग्रहातील कविता घेतल्या, तर एक स्त्री कोणाशी तरी बोलते आहे असेच प्रथम जाणवते. या सोपेपणामुळेच असा समज होतो की येथे भाषांतरकाराला फारसे काही करावयाचे नसते. गझलेचे यमक-रदीफ सांभाळण्याचे संकट टळले, आता शब्दाला शब्द ठेवला की काम भागले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अलंकृत कवितेचा भाषांतरकार अलंकार गमावतो आणि ते गमावल्याचे त्याला ठाऊक असते. साध्या कवितेच्या भाषांतरात काय गमावले हे वाचकाला तर नाहीच, पुष्कळदा भाषांतरकारालाही कळत नाही. प्रश्न नैतिक होतो तो येथे.

प्रथम ओळीचा विचार करणे आवश्यक आहे. नीमा यूशिजने (१८९७–१९६०) फारसी कवितेची ओळ मोकळी केली; पण त्याने अरूजचे गण टाकून दिले नाहीत. एका चरणात गण किती असावेत याचे बंधन तेवढे त्याने काढले. त्यामुळे ‘शेर-ए-आझाद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या कवितेत ओळ आखूड झाली तरी कानाला गणाची चाल ऐकू येत राहते. अहमद शामलूने (१९२५–२०००) पुढे रुजवलेला ‘शेर-ए-सपीद’ वृत्तच सोडून देतो. फुरूग या दोहोंच्या मध्ये, पण नीमाच्या बाजूला उभी आहे: वृत्त आहे, मात्र बोलण्याच्या ओघात ते वाकवलेले आहे. माधव जूलियनांच्या गज्जलांमुळे फारसी वृत्ताची चाल परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा भेद समजण्यास अडचण पडू नये. इंग्रजीत मात्र हे तिन्ही प्रकार ‘फ्री व्हर्स’ या एकाच नावाखाली जमा होतात. छापील पानावर असमान ओळी दिसतात आणि त्या कशाने असमान झाल्या हे कळत नाही. फारसीत जी ओळ कानाने तोडलेली असते, ती इंग्रजीत डोळ्याने तोडलेली ठरते.

वृत्ताची ही हानी अटळ मानली, तरी खरा पेच त्यानंतर सुरू होतो. नमुन्यासाठी, कोणाही कवीच्या नसलेल्या, मुद्दाम रचलेल्या चार वृत्तहीन ओळी पाहता येतील:

पंजरे रा बस्तम
व दीगर
कसी रा
सदा नकर्दम

म्हणजे: खिडकी लावली, आणि त्यानंतर कोणाला हाक मारली नाही. यात एकही शब्द बाजारातल्या माणसाला अपरिचित नाही. तथापि ओळींची मोडणी काय करते ते पाहावे. ‘कसी’पुढील ‘रा’ हा प्रत्यय कर्म दाखवतो. म्हणून तिसऱ्या ओळीच्या अखेरीस कोणीतरी व्यक्ती उभी आहे आणि तिच्या बाबतीत काहीतरी घडणार आहे, एवढेच ठरते. ‘दीगर’ने नकाराची चाहूल दिली असली तरी नकार अजून आलेला नाही. तो येतो क्रियापदासोबत, शेवटच्या शब्दात. आणि त्याच शब्दाच्या शेवटी ‘-अम’ या प्रत्ययातून बोलणारा ‘मी’ येतो. व्यक्ती आधी, हाक नंतर, नकार त्याहून नंतर, आणि बोलणारा सर्वांत शेवटी.

इंग्रजीची वाक्यरचना हा क्रम मान्य करीत नाही. तिला ‘आय’ आरंभीच हवा. बोलीचा सूर राखावयाचा तर ‘आय डिडन्ट कॉल एनिवन’ असे म्हणावे लागते. घरात, रस्त्यावर माणूस असेच बोलतो. परंतु येथे नकार आधीच येऊन बसतो आणि ओळ कोठेही तोडली तरी वाट पाहण्यासारखे काही उरत नाही. उलट, ओळीचा ताण राखावयाचा तर ‘अँड कॉल्ड / नो वन’ असे करता येते. नकार शेवटी आला, ओळ जिंकली. पण ‘कॉल्ड नो वन’ हे बोलणे नव्हे, ते लिहिणे आहे. त्यात किंचित गांभीर्याचा आव आहे. शिवाय ताणाची जागा बदलली आहे. फारसीत माणूस होता आणि हाक मागे घेतली गेली. इंग्रजीत हाक मारली गेली आणि माणूस नाहीसा झाला. आणखी एक बारीक गोष्ट: ‘कॉल’ने आजच्या इंग्रजी वाचकाच्या मनात दूरध्वनी वाजतो. ‘सदा कर्दन’मध्ये गळ्यातून निघालेला आवाजच आहे, दूरध्वनीसाठी फारसीत ‘झंग जदन’ आहे. ही गफलत टाळण्यासाठी ‘कॉल आउट टू’ म्हटले की ओळ लांबते.

म्हणजे साधा सूर आणि ओळीची मोडणी ही मुळात एकाच कृतीची दोन अंगे असून इंग्रजीत ती एकमेकांच्या विरोधात उभी राहतात. सुराच्या बाबतीतही इंग्रजीची साधने तोकडी आहेत. तेहरानच्या बोलण्यात वरील ‘रा’चे ‘रो’ होते आणि ‘दीगर’चे ‘दीगे’. फुरूगने ‘अली’ या मुलावरच्या कवितेत अशी बोलीरूपे वापरली. पण अन्यत्र ती बहुधा शब्द लेखी ठेवते आणि चाल बोलीची ठेवते. हा मधला सूर हेच तिचे वैशिष्ट्य. इंग्रजीत ‘डिड नॉट’ लिहिले की तो लेखी होतो, ‘डिडन्ट’ लिहिले की पूर्ण घरगुती. याच्या जोडीला ‘मी’चा प्रश्न आहे. फारसीत ‘मन’ हे सर्वनाम गरज असेल तेव्हाच येते आणि आले की त्याला वजन असते. इंग्रजीत ‘आय’ ओळीओळीच्या डोक्यावर बसतो. ज्या स्त्रीच्या कवितेकडे तिच्या चरित्राचा पुरावा म्हणून पाहण्याची सवय वाचकांना आधीच आहे, तिच्या तोंडी एवढे ‘मी’ घालणे निरुपद्रवी नाही.

या पेचातून सुटण्याचा प्रचलित मार्ग भरपाईचा आहे: जेथे सूर सपाट वाटतो तेथे एखादे विशेषण घालावे, ‘खिडकी’ऐवजी काव्यमय शब्द योजावा. हा मार्ग सर्वांत आक्षेपार्ह होय. हजार वर्षांच्या संकेतबद्ध काव्यभाषेपुढे ‘खिडकी लावली’ एवढेच म्हणणे ही फारसीत धिटाई होती. इंग्रजी कवितेत विसाव्या शतकाच्या आरंभानंतर असे बोलणे नेहमीचे झाले, म्हणून ती धिटाई तेथे दिसत नाही. परंतु दिसत नाही म्हणून तिच्या जागी शोभा आणणे म्हणजे कवयित्रीने जे नाकारले तेच तिच्या हाती पुन्हा देणे. ओळ हलवण्यात असा दोष नाही. ‘आय डिडन्ट कॉल एनिवन’ अखंड ठेवून, त्याआधीच्या ‘अँड आफ्टर दॅट’ला एकटी ओळ देऊन, मोडणीचा थोडा ताण दुसरीकडे राखता येतो. तो मूळ जागी नसतो, पण बोलणारी व्यक्ती तीच राहते. यावर असा आक्षेप येईल की मोडणीवाचून सूर म्हणजे निव्वळ गद्य. आक्षेप खरा आहे, आणि ज्या कवितेत अर्थच मोडणीत आहे तेथे सुराने माघार घेतली पाहिजे. तशा जागा कवितागणिक शोधाव्या लागतात, नियमाने सापडत नाहीत.

मराठीचा संबंध येथे अप्रत्यक्षपणे येतो. ‘खिडकी लावली / आणि नंतर / कुणाला / हाक मारली नाही’ : फारसीचा क्रम मराठी जवळजवळ जसाच्या तसा ठेवू शकते, कर्माचा प्रत्ययही ‘रा’च्याच जागी येतो. केवळ शेवटचा ‘-अम’ तेवढा निसटतो, कारण ‘मारली’ हे रूप ‘हाके’ला अनुसरते, बोलणाऱ्याला नव्हे, ‘मी’ वेगळा लिहावा लागतो किंवा संदर्भावर सोडावा लागतो. परंतु फारसी कविता मराठीत येते ती पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने. ‘कॉल्ड / नो वन’ समोर ठेवून बसलेला मराठी भाषांतरकार प्रामाणिकपणे लिहील, ‘हाक मारली / कुणालाच नाही’. मुळात कोणीही न मारलेली हाक या मराठीत एका ओळीपुरती मारली जाईल.