ज्यांचे कोणी नाही, त्यांचा पिंड

भाद्रपद वद्य पक्षात घरोघर महाळ घातले जातात. खीर, वडे, आमसुलाची चटणी होते, कावळ्यासाठी घास बाजूला काढला जातो. ज्या तिथीला माणूस गेले, त्या तिथीला पक्षात त्याचे श्राद्ध, हा साधा नियम आपल्याला ठाऊक असतो. पण महालय म्हणून जे श्राद्ध होते, त्याची यादी एकदा गुरुजींना सावकाश वाचायला सांगावी. ती वडील, आजोबा, पणजोबांवर थांबत नाही. आई, आजी, पणजी येतात. मग आईचे वडील, त्यांचे वडील आणि त्यांचे आजोबा, आपापल्या पत्नींसह. त्यानंतर स्वतःची दिवंगत पत्नी, मुले, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे. पुढे गुरू, शिष्य आणि मित्रसुद्धा. वार्षिक श्राद्धात इतकी माणसे नसतात. रक्ताचे नाते नसलेल्या मित्रालाही त्याच ताटातला घास आणि तेच तिळाचे पाणी मिळते.

सर्वांत शेवटी धर्मपिंड येतो, आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे. हा पिंड कोणा एकाच्या नावाने नसतो. कुळात निपुत्रिक गेलेले, ज्यांची क्रिया झालीच नाही असे, आंधळेपांगळे म्हणून दुर्लक्षित राहिलेले, गर्भातच गेलेले, माहीत असलेले आणि नसलेले, अशा सगळ्यांसाठी तो ठेवतात. ज्या बाळाचे नाव ठेवायची वेळच आली नाही, ज्याच्याबद्दल आई पुन्हा कधी बोलली नाही, त्याची आठवण या विधीने ठेवलेली आहे.

पक्षाचा शेवटचा दिवस, सर्वपित्री अमावास्या, याच विचाराने राखलेला आहे. तिथी माहीत नाही, माहीत असून चुकली, घरात अडचण आली, अशा सर्वांचे महालय या दिवशी करता येते. बंद घरात एकटाच गेलेला माणूस उशिरा सापडतो, तेव्हा दाखल्यावर लिहिलेली तारीख बहुधा सापडल्याची असते. त्याची तिथी पंचांगात शोधून मिळणार नाही. त्याच्यासाठी हा दिवस आहे.

पण तिथी कळूनही उपयोग नसतो असेही मृत्यू असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला. काही हजार माणसे झोपेतच दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यांची वेळ सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण ज्या घरात आजोबांपासून नातवापर्यंत कोणीच उरले नाही, तिथे पाणी कोणी द्यायचे? धर्मपिंडाचे उत्तर असे, की ज्याच्या हातात आज तीळ आणि पाणी आहे, त्याने. नाते सिद्ध करण्याची अट तिथे नाही. मला हे आपल्या परंपरेतले फार मोठे औदार्य वाटते, आणि ते आपण ‘आटपा लवकर’ म्हणत उरकतो याचे वाईट वाटते.

विस्मरणाचीही सोय शास्त्राने केली आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे. वडील, आजोबा, पणजोबांची नावे ठाऊक नसतील तर पृथिवीषत्, अंतरिक्षसत्, दिविषत् असे उच्चार करावेत. ही सोय खरोखर निरुपाय झालेल्यांसाठी आहे. आपण मात्र तिचा आधार घेण्याइतके निरुपाय नसतो, आळशी असतो. पणजीचे नाव विचारले की बहुतेक घरांत शांतता पसरते, कारण तिला सासरचे एक नाव होते, माहेरचे दुसरे आणि हाक मारायला तिसरेच. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला या पंधरवड्यात विचारून तिन्ही नावे वहीत लिहून घेतली, तर पुढच्या वर्षी तर्पणात ती उच्चारता येतील. नाशिक, त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. पूर्वज तिथे गेले असतील, तर त्यांनी लिहून दिलेली नावे आजही सापडू शकतात.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी अश्विन शुद्ध प्रतिपदा. सकाळी घट बसतात आणि त्याच दिवशी मातामह श्राद्धही असते. एरवी वडील हयात असताना मुलाला श्राद्धाचा अधिकार नसतो, पण या दिवशी मुलीचा मुलगा, त्याचे वडील हयात असले तरी, आईच्या दिवंगत वडिलांना पाणी देतो. ज्यांना मुलगा नव्हता, फक्त लेकी होत्या, त्यांचे नाव नवरात्राच्या पहिल्याच दिवशी त्या लेकींच्या घरात घेतले जाते.