पन्नासांचं वजन, पाचशेंची शिरगणती

28 ऑगस्ट 2018 रोजी निफ्टी 11,738 वर बंद झाला. जानेवारी अखेरच्या शिखरापेक्षा सुमारे सहाशे अंक वर, त्या वेळचा विक्रम. त्याच संध्याकाळी स्मॉलकॅप निर्देशांक मात्र जानेवारीतल्या उच्चांकाच्या बराच खाली होता. ज्यांच्याकडे छोट्या कंपन्यांचे शेअर होते, त्यांना तो विक्रम दुसऱ्याच कुणाच्या घरचा वाटला असेल.

हे घडतं, कारण निफ्टी शेअर मोजत नाही, भांडवल तोलतो. समजा, पाच बड्या कंपन्यांचं निर्देशांकातलं वजन चाळीस टक्के आहे. त्या दोन टक्क्यांनी वाढल्या आणि उरलेल्या पंचेचाळीस एकेक टक्क्याने पडल्या, तर निर्देशांक 0.2 टक्क्यांनी वरच दिसतो. वाढलेले पाच, पडलेले पंचेचाळीस हे सांगायला वेगळी मोजणी लागते. रोज वाढलेल्यांतून पडलेले वजा करायचे आणि ती बाकी आदल्या दिवसापर्यंतच्या बेरजेत मिळवत जायची. निर्देशांक चढत असताना ही रेषा उतरू लागली, की चढाईचा भार थोड्यांच्याच खांद्यावर आला आहे हे कळतं.

या मोजणीत मात्र पाच पैशांची वाढ आणि दहा टक्क्यांची उसळी सारखीच धरली जाते. म्हणून मी दुसरा आकडा सोबत ठेवतो : निफ्टी 500 मधले किती शेअर आपल्या दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर आहेत? शंभर असतील तर वीस टक्के. एका दिवसाचा गलका यात विरतो. महिन्यांची चाल उरते.

पण हा आकडाही फसवतो, आणि ते मला सर्वांत विचार करण्याजोगं वाटतं. शंभरचा शेअर ऐंशीवर आला आणि तिथेच घुटमळला, तर जुने चढे भाव रोज सरासरीतून गळत जातात आणि सरासरीच त्याच्याकडे खाली येते. मग शेअर एक्याऐंशीला गेला तरी ‘वर’ गणला जातो. प्रकृती सुधारलेली नसते, मोजपट्टी खाली सरकलेली असते. सरासरीचा उतारही पाहिला तरच हे ओळखता येतं. शेअरचं विभाजन झालं आणि जुने भाव त्या प्रमाणात बदलले नाहीत, तर उलट चूक होते : धडधाकट शेअर कित्येक महिने आजारी दिसतो.

2018 च्या ऑक्टोबर अखेरीस निफ्टी दहा हजारांच्या आसपास आला, तेव्हा निफ्टी आणि स्मॉलकॅप यांच्यातल्या विसंगतीचा इशारा खरा ठरला असं म्हणणं सोपं होतं. पण पुढे जानेवारी 2020 मध्ये तो 12,362 वर बंद झाला आणि तेव्हाही स्मॉलकॅप जुन्या शिखराखालीच होता. दुखणं दोन वर्षं अंगावर काढत बाजार विक्रम करत राहिला. म्हणून या आकड्यांवरून मी विक्रीची तारीख काढत नाही. नवा पैसा किती आणि कशात घालायचा, एवढंच ठरवतो.