आधीच सगळं सोसलेली वाइन

कोणतीही साधी वाइन एकदा उघडली की तिचे दिवस भरतात. बाटलीत हवा शिरते, हवेतला प्राणवायू फळाचा ताजा गंध खातो आणि चार-पाच दिवसांत चव सपाट होते. बाटली उन्हात राहिली तर हेच आणखी लवकर होतं. म्हणजे वाइनचे शत्रू दोन, हवा आणि उष्णता. आता अशी एक वाइन आहे जिला ती तयार करतानाच या दोन्हींच्या हवाली करतात. अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची ही वाइन, बेटाच्याच नावाने ओळखली जाते. ती उघडून कपाटात ठेवली तरी महिनोन्‌महिने टिकते. का टिकते, हे कळलं की ती कशी वापरायची हेही आपोआप कळतं.

सतराव्या-अठराव्या शतकांत आशियाकडे निघालेली जहाजं या बेटावर थांबत आणि वाइनची पिंपं भरून घेत. विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात, हिंदकळत, महिनेच्या महिने प्रवास करून काही पिंपं परतही येत. त्यांतली वाइन नासलेली निघायला हवी होती, पण तिची चव जास्त आवडू लागली. अशा फेरी मारून आलेल्या वाइनला ‘व्हिन्यो दा रोदा’ म्हणत. भारताच्या वाटेवरची जहाजं त्यातलीच, त्यामुळे गोव्याकडे आणि मुंबईकडे येणाऱ्या सागरी मार्गाचा या वाइनच्या घडणीत खरोखरच वाटा आहे. पुढे जहाजाचं काम बेटावरच करायची सोय झाली. स्वस्त प्रकारांसाठी वाइन पोलादी टाक्यांत साधारण ४५ ते ५० अंश सेल्सियसला किमान तीन महिने तापवतात. याला ‘एश्तुफाजें’ म्हणतात. चांगल्या प्रकारांची पिंपं छपराखालच्या उबदार माळ्यांवर वर्षानुवर्षं पडून राहतात. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत येत राहते, वाइन तपकिरी होते, अक्रोड, करपवलेली साखर, संत्र्याची साल असे वास येऊ लागतात.

मदेरात द्राक्षाच्या स्पिरिटची भर असते आणि त्याने आंबणं थांबतं. ते कोणत्या टप्प्यावर थांबवायचं, त्यावरून गोडी ठरते. प्रकारांपैकी सेर्सियाल जवळजवळ कोरडी, व्हेर्देल्यो थोडी गोडसर, बुआल गोड, मालव्हाझिया सर्वांत गोड. एकूण मद्यार्क साधारण १७ ते २२ टक्के. इतक्या मद्यार्कात व्हिनेगर करणारे जिवाणू तग धरत नाहीत. पण टिकाऊपणाचं सगळं श्रेय स्पिरिटला देऊ नये. स्पेनची फिनो शेरीही स्पिरिट घातलेलीच असते. मात्र ती यीस्टच्या थराखाली हवेपासून जपून ठेवलेली असल्याने उघडल्यावर आठवड्याभरातच मलूल होते. मदेराचं बळ वेगळं आहे. हवेने जे बिघडवायचं ते तिच्यात आधीच होऊन गेलेलं असतं आणि बेटावरच्या द्राक्षांचा कडक आंबटपणा उरलेल्या चवीला ताठ ठेवतो.

तरीही ती अमर नाही. काही महिन्यांनी वास हळूहळू पातळ होतो. बाटली उभी ठेवावी, कारण इतका मद्यार्क आणि आंबटपणा बुचाला सतत लागला की ते खराब होतं. मुंबईच्या उन्हाळ्यातही बंद कपाट पुरतं. थेट ऊन मात्र नको.

स्वयंपाकात या टिकाऊपणाचा उपयोग फार मोठा आहे, कारण एका वेळी थोडीच लागते. उदाहरणार्थ मशरूम घ्या. २५० ग्रॅम काप लोण्यात, मोठ्या आचेवर, पाणी आटून कडा लालसर होईपर्यंत परतायचे. मग गॅस बंद करून ८० मिलिलिटर पाच वर्षांची कोरडी किंवा किंचित गोडसर मदेरा ओतायची. जळत्या आचेवर ओतली तर मद्यार्काच्या वाफा पेट घेऊ शकतात. परत आच लावून निम्मी होईपर्यंत आटवायची, अर्धा कप भाजीचा स्टॉक घालायचा, पुन्हा आटवायचं आणि शेवटी आचेवरून उतरवून थंड लोण्याचा तुकडा ढवळायचा. स्टीलचं भांडं घ्या. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी कढईत आंबट वाइन धातूची चव पकडते. चाखल्यावर रस्सा घशाशी टोचला तर तो कमी आटलेला, जिभेवर चिकट गोड वाटला तर जास्त आटलेला किंवा बाटली गोड प्रकाराची. उतरवताना एक चमचा कच्ची मदेरा घातली की आटवताना उडालेला वास परत येतो.

बुआल आणि मालव्हाझिया मात्र रश्शात घालू नयेत, माझं तरी हेच मत. त्या लहान पेल्यात, किंचित थंड, सुक्या मेव्याच्या केकबरोबर घ्याव्यात. ‘स्वयंपाकाची मदेरा’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बाटल्यांत कधी कधी मीठ-मिरी मिसळलेली असते, तेव्हा लेबल वाचूनच घ्या, नाहीतर रश्शात मीठ दुप्पट होईल.