रद्द झालेली फेरी

बार्शीतल्या एका अभ्यासिकेत दाराशी हजेरीची वही असते. नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही, एवढेच रकाने. ही वही सांभाळणारे काका एसटीतून निवृत्त झाले आहेत. डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. नोंदी ठेवण्याची सवय तिथली, ती इथेही सुटली नाही.

सुवर्णा तिथे रोज संध्याकाळी सातला यायची. सकाळी नऊ ते सहा मेडिकलच्या दुकानात नोकरी आणि उरलेल्या वेळात संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी. पहाटे पाच ते सात घरी, रात्री सात ते दहा अभ्यासिकेत, असे दिवसाचे पाच तास तिने ठरवले होते. दीड महिना वेळापत्रक जवळजवळ तंतोतंत पाळलं. मग एका गुरुवारी दुकानात माल उशिरा आला. बिलं जुळवता जुळवता सव्वानऊ वाजले. अभ्यासिका तिथून पाच मिनिटांवर होती, दहापर्यंत पाऊण तास हातात होता. पण तिच्या मनात आलं, आता पाऊण तासासाठी काय जायचं, आजचा दिवस तर गेलाच.

या एका वाक्यापाशी थांबायला हवं, कारण पुढचं सगळं नुकसान त्यातून झालं. माल उशिरा आल्यामुळे सव्वादोन तास गेले होते. ‘दिवस गेलाच’ म्हटल्यामुळे उरलेला पाऊण तास गेला. घरी आल्यावर मन रमवायला मोबाइल हातात घेतला तो साडेबारापर्यंत सुटला नाही, आणि त्यामुळे शुक्रवारची पहाटही झोपेत गेली. शुक्रवारी संध्याकाळी डोकं दुखतंय असं घरी सांगून ती निजून राहिली, पण पडल्या पडल्या हिशेब चालूच होता. बुडालेले आठ तास शनिवारी भरून काढायचे. शनिवारचे स्वतःचे पाच तास होतेच, म्हणजे नऊ तासांची नोकरी करून तेरा तास अभ्यास. हा बेत कागदावरही बसणारा नव्हता. पण अपराधी वाटत असताना माणूस बेत आखत नाही, स्वतःला शिक्षा सुनावतो. शनिवारी तिचे दोन तास झाले. एरवी या दोन तासांचं तिला समाधान वाटलं असतं. तेराच्या पुढे मात्र ते नापास ठरले. रविवारी तिने स्केचपेनांनी नवं वेळापत्रक आखलं. सुरुवात सोमवारपासून. सोमवारी पहाटे जाग आली नाही, तेव्हा ते एक तारखेवर गेलं.

यानंतर तिने अभ्यासिकेसमोरून जाणंच टाळलं. दुकानातून घरी जाताना लांबच्या बोळाने वळायची. टेबलावरचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक आईने उचलून कपाटात ठेवलं तेव्हा तिला बरंच वाटलं. ‘‘जाणार नाहीस का गं आज?’’ एवढंच वडिलांनी विचारलं, तर ती त्यांच्यावर खेकसली आणि रात्री त्याचंही वाईट वाटून घेतलं. अपराधीपणाबद्दल आपला एक समज आहे, की मनाला टोचत राहिलं की माणूस कामाला लागतो. पुष्कळदा घडतं उलटं. ज्या गोष्टीकडे पाहिलं की टोचतं, तिच्याकडे माणूस पाहणंच सोडतो. इथे ती गोष्ट म्हणजे पुस्तक.

खाण्याचं पथ्य मोडल्यावर होणारी हीच गत मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात पाहिली आहे. 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही स्त्रियांना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खाऊ दिलं. खाण्यावर एरवी बंधन घालणाऱ्या स्त्रियांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी नव्हे, उलट जास्त खाल्लं. नेम मोडलाच आहे तर आता कशाला आवरायचं, असा हा मनाचा कौल. सुवर्णाच्या पाऊण तासाचं तेच झालं होतं.

दोन आठवड्यांनी ती अभ्यासिकेत आली ती कपाटाची किल्ली परत करायला आणि अनामत रक्कम मागायला. काकांनी किल्ली घेतली नाही, समोरची खुर्ची दाखवली.

‘‘बस जरा. का सोडतेस?’’

‘‘माझ्याच्यानं होत नाही काका. सातत्यच नाही माझ्यात.’’

काकांनी मागच्या वर्षाची वही काढली आणि नावांच्या रकान्यावर पट्टी आडवी धरून पानं उलटत गेले. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हा मुलगा बघ. मंगळवारी नाही. बुधवारी हजर. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा एक खाडा, पुन्हा दुसऱ्या दिवशी हजर. वर्षभर त्याचं असंच चाललंय. शेवटच्या पानापर्यंत सही आहे त्याची.’’ मग दुसरी ओळ. ‘‘हा सलग दोन महिने एकही खाडा न करता आला. मग एक दिवस चुकला. आला तो चौथ्या दिवशी. पुढच्या वेळी अकराव्या दिवशी. त्यानंतर सही नाही.’’

सुवर्णा गप्प राहिली.

‘‘खाडे दोघांचेही आहेत,’’ काका म्हणाले. ‘‘चुकल्यावर परत यायला किती दिवस लागले, तेवढंच मी बघतो. डेपोत सकाळची सोलापूर फेरी गाडी बिघडून रद्द झाली, तर दुपारच्या गाडीला आम्ही सोलापूरला दोनदा पाठवत नव्हतो. रद्द फेरीची नोंद करायची, कारण लिहायचं, आणि दुपारची फेरी दुपारच्या वेळेला सोडायची. सकाळचीही भरून काढतो म्हणालो असतो, तर संध्याकाळपर्यंत सगळा डेपो ठप्प झाला असता.’’

‘‘पण राहिलेल्या अभ्यासाचं काय करायचं?’’ तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. फेरी रद्द झाली तरी स्थानकावर प्रवासी उरतातच.

काकांनी तिच्याकडून त्या गुरुवारचा विषय काढून घेतला. पंचायतराज, 73वी घटनादुरुस्ती. ‘‘आणि आज तुझ्या जुन्या वेळापत्रकात काय आहे?’’ आज भूगोल होता. ‘‘मग आज भूगोलच. पंचायतराज रविवारी दुपारी. रविवारी दुपारचे दोन तास कशालाच द्यायचे नाहीत, आठवड्यात जे राहील ते तिथे घ्यायचं. दोन तासांत जेवढं मावेल तेवढं.’’

‘‘आणि न मावलेलं?’’

‘‘मागच्या प्रश्नपत्रिका काढ. ज्यावर वरचेवर प्रश्न येतात ते घे, बाकीचं त्या आठवड्यापुरतं सोड. सगळं व्हायलाच हवं म्हणशील तर ती रविवारची दुपारसुद्धा तुला धाक घालायला लागेल.’’

रात्रीचे आठ वाजून गेले होते. आज घरी जाते, उद्या सातला नक्की येते, असं ती म्हणाली. काकांनी वही तिच्यापुढे सरकवली. ‘‘वीस मिनिटं बस, दहा प्रश्न सोडव आणि जा. पण सही आज कर.’’

ती बसली. पहिली पाच मिनिटं भूगोलाच्या पानावर नजर होती आणि मनात बुडालेल्या तासांची बेरीज. मग तिने कोऱ्या कागदावर काकांनी सांगितल्याप्रमाणे एक ओळ लिहिली. ठरलं: गुरुवारी तीन तास. झालं: शून्य. कारण: माल उशिरा आला, नंतर उठले नाही. या ओळीत स्वतःबद्दल एकही विशेषण लिहायचं नाही, एवढी एकच अट होती. ‘आळशी’ लिहायला हात शिवशिवला, पण आळशीपणावर उद्या सकाळी काय उपाय करणार? माल उशिरा येण्यावर काहीतरी करता येतं. ओळ लिहून झाल्यावर तिने महाराष्ट्रातल्या नद्यांवरचे दहा प्रश्न सोडवले. सहा बरोबर आले. चुकलेल्या चार उत्तरांवर खुणा करून ती साडेआठला उठली.

रविवारी दुपारी पंचायतराज झालं. 11व्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय आणि 12व्या अनुसूचीत नगरपालिकांचे 18, हा तिचा नेहमीचा घोळ होता. दोन्ही याद्या तिने आमनेसामने लिहिल्या तेव्हा तो सुटला. दोन तासांत 73वी झाली, 74वी राहिली. ती पुढच्या रविवारवर गेली आणि त्या रात्री तिला झोप नीट लागली.

आपण स्वतःला असं सहज माफ केलं तर सोकावू, ही भीती तिला होती आणि ती बहुतेकांना असते. कॅनडात मायकल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. मनातली कडवट भावना ओसरली, म्हणून अभ्यासाकडे वळणं सोपं गेलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. माफ करायला आधी चूक कबूल करावी लागते. ‘त्यात काय एवढं’ म्हणून झटकणं निराळं, आणि ‘ठरलं होतं, झालं नाही’ असं लिहून पुढच्या वेळेला हजर होणं निराळं. सुवर्णाच्या त्या ओळीत ‘शून्य’ स्पष्ट लिहिलेलं होतं.

या रीतीलाही एक खाच आहे, आणि ती सुवर्णाला महिन्याभरात सापडली. वीस मिनिटांची सोय अडीअडचणीसाठी असते, ती हळूहळू नेहमीची होऊ पाहते. एका आठवड्यात तिचे चार दिवस वीस मिनिटांचे झाले. ती काकांकडे गेली, तर त्यांनी तिला ओरडाही दिला नाही आणि धीरही दिला नाही. म्हणाले, ‘‘तुझे कागद आण.’’ पाच आठवड्यांच्या ओळी टेबलावर एकाखाली एक मांडल्या. पहाटेच्या वेळेपुढे ‘झोप’ हे कारण इतक्यांदा आलं होतं, की तो अपवाद म्हणता येईना. दहाला अभ्यासिकेतून निघून, जेवून, साडेअकराला झोपणारी मुलगी पाचला उठणार तरी कशी? आणि गुरुवारची संध्याकाळ पाचपैकी चार वेळा बुडाली होती, कारण दुकानात माल गुरुवारीच यायचा. दीड महिना ती ज्याला मनाचा कमकुवतपणा म्हणत होती, त्यातला बराचसा भाग दुकानाच्या मालाचा दिवस आणि अपुरी झोप हाच निघाला. रोज स्वतःला दोष देत राहिली असती, तर हे तिला कधीच दिसलं नसतं.

सुवर्णाने पाचचे सहा केले. पहाटेच्या दोन तासांचा एकच तास उरला, पण तो बहुतेक दिवशी होऊ लागला. गुरुवारच्या रकान्यात तिने अभ्यास लिहायचं बंद केलं आणि तो विषय रविवारी सकाळी नेला. आठवड्याचे पस्तीस तास कागदावर अठ्ठावीसवर आले. काकांनी नवं वेळापत्रक नीट वाचलं, रविवारची दुपार अजून मोकळी आहे ना ते पाहिलं आणि विचारलं, ‘‘74वी झाली का?’’

‘‘अर्धी झाली,’’ ती म्हणाली, आणि वहीत आल्याची वेळ लिहून आत गेली.