एका घराची पाच खाती

आयुष्मान भारत आरोग्य खातं, म्हणजे सगळे ज्याला ‘आभा’ म्हणतात ते, रेशन कार्डासारखं कुटुंबाला मिळून एक असेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं ते नाही. घरात पाच माणसं असतील तर चौदा आकड्यांचे पाच क्रमांक निघतात. ते मोफत आहेत आणि ऐच्छिक आहेत. आयुष्मान कार्डाशीही याची गल्लत करू नये. ते कार्ड उपचाराचे पैसे भरण्यासाठी आहे; आभा नोंदींसाठी.

पण क्रमांक काढला म्हणजे आजवरचे सगळे रिपोर्ट त्यात आपोआप येऊन पडले, ही समजूत जास्त नुकसान करते. २०२१च्या सप्टेंबरात ही योजना देशभर सुरू झाली तेव्हापासून तिची रचनाच अशी आहे, की आजाराच्या नोंदी दिल्लीतल्या कुठल्याही एका मोठ्या साठ्यात जात नाहीत. रक्ताचा रिपोर्ट लॅबच्या संगणकात राहतो, डिस्चार्ज कार्ड हॉस्पिटलच्या. आभा म्हणजे ग्रंथालयातली सूची. पुस्तकं आपापल्या कपाटातच असतात. या माणसाची नोंद अमुक ठिकाणी आहे, एवढंच सूचीला ठाऊक असतं आणि त्या माणसानं होकार दिला की ती नोंद मागवता येते. म्हणून खरं काम क्रमांक काढल्यानंतर सुरू होतं. हॉस्पिटलच्या संगणकातला माणूस आणि आभामधला माणूस एकच आहे, हे यंत्राला पटावं लागतं. सगळी मेख तिथे आहे.

उदाहरणादाखल सातारा जिल्ह्यातलं एक घर घेऊ. नवरा-बायको, सोळा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि मधुमेह असलेली आजी. क्रमांक काढायला `abha.abdm.gov.in` या संकेतस्थळावर किंवा आभाच्या ॲपवर आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. कोविडची लस घेताना आधार दाखवलेल्या अनेकांचा क्रमांक तेव्हाच परस्पर तयार झाला होता. त्यांना नवा मिळत नाही, जुनाच समोर येतो. घाबरायचं कारण नाही, तोच वापरायचा.

आजीपाशी गाडी अडते. तिच्या आधारला एके काळचा, आता बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला आहे. ओटीपी येणार कुठे? तिला एकदा आधार केंद्रावर नेऊन, अंगठा देऊन नंबर बदलून घ्यावा लागतो. पोराच्या आधारला बापाचा नंबर असेल तर त्याचं काम बापाच्या फोनवर होतं.

क्रमांकाबरोबर एक आभा पत्ताही तयार होतो, ज्याच्या शेवटी `@abdm` असतं. रिपोर्ट मागवणं, संमती देणं हे सगळं या पत्त्यावरून चालतं. एकाच मोबाइलवर घरातल्या अनेकांचे पत्ते राहू शकतात. ॲपमध्ये नंबर टाकला की त्यांची यादी दिसते आणि हवा तो माणूस निवडायचा.

आता जोडणी. आजीच्या नोंदी साताऱ्याच्या एका हॉस्पिटलात आहेत असं समजू. ॲपमध्ये त्या हॉस्पिटलचं नाव शोधून विचारणा करायची. हॉस्पिटलचा संगणक नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर ताडून पाहतो. जुळलं की हॉस्पिटलात नोंदवलेल्या मोबाइलवर पुन्हा ओटीपी येतो आणि तो भरला की दुवा बसतो.

आपल्याकडे हे जुळता जुळत नाही. आधारवर ‘सुमन शंकर जाधव’, हॉस्पिटलात घाईनं टाकलेलं ‘जाधव सुमनबाई’. लग्नाआधीचं नाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर. आजीची जन्मतारीख आधारच्या वेळी अंदाजानं वर्ष धरून १ जानेवारी अशी लिहिलेली, आणि केसपेपरवर वय विचारलं तेव्हा तिनं सांगितलं ‘साठ-पासष्ट’. त्यावर मोबाइल नंबर त्या दिवशी सोबत गेलेल्या पुतण्याचा. यातलं काहीच खोटं नाही, पण यंत्राला ही वेगवेगळी माणसं वाटतात. ॲपवर ‘नोंद सापडली नाही’ असं आलं की लोक म्हणतात, सरकारी काम. बहुतेक वेळा उत्तर नोंदणीच्या खिडकीवर असतं. हॉस्पिटलात जाऊन आधारप्रमाणे नाव, जन्मवर्ष आणि सध्याचा मोबाइल दुरुस्त करून घ्यावा आणि मग पुन्हा विचारणा करावी.

दुरुस्तीनंतरही काही न सापडण्याची आणखी दोन कारणं असतात. हॉस्पिटल किंवा दवाखाना या व्यवस्थेत उतरलेलाच नसतो. आपले गल्लीतले डॉक्टर वहीवर लिहीत असतील तर तिथून येणार काय? किंवा नोंद इतकी जुनी असते की ती कधी संगणकात गेलीच नाही. अशा कागदांचे फोटो काढून ॲपमध्ये ठेवता येतात. ते सोयीचं आहे, पण ती आपण ठेवलेली प्रत असते, हॉस्पिटलनं दिलेली नोंद नव्हे, हे लक्षात असावं. फोटोला तारीख आणि डॉक्टरांचं नाव न चुकता लावावं, नाहीतर सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही कुठला कागद कुठला.

माझं मत असं, की मागचं खणत बसण्यापेक्षा पुढचं नीट जोडण्यात जास्त फायदा आहे. पुष्कळ हॉस्पिटलांत नोंदणीच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. तो ॲपमधून स्कॅन केला की आभामधलं नाव, वय, लिंग जसंच्या तसं खिडकीवर पोचतं आणि टोकन मिळतं. रांग वाचते हे खरंच, पण मोठा लाभ हा, की नाव कुणी ऐकून लिहीत नाही. मग त्या भेटीतली चिठ्ठी आणि तपासण्या हॉस्पिटल स्वतः आभाला जोडू शकतं. ते झालं की नाही, हे घरी येऊन ॲपमध्ये पाहावं. हॉस्पिटलचं नाव आणि त्या तारखेची नोंद दिसली, तर जोडणी झाली. केसपेपरवर चौदा आकडे छापले गेले आणि ॲपमध्ये काहीच आलं नाही, तर क्रमांक नुसता लिहून घेतलाय.

आता कुटुंबाचा अवघड भाग. पाचही पत्ते घरातल्या कर्त्याच्या मोबाइलवर ठेवणं सोपं असतं, आणि बहुतेक घरांत तेच होतं. पण इथे मोबाइल ही किल्ली आहे. दुसरा डॉक्टर नोंदी मागतो तेव्हा कशासाठी, कुठल्या तारखांच्या, कुठल्या प्रकारच्या आणि किती दिवसांसाठी, हे सगळं लिहिलेली मागणी ॲपमध्ये येते. त्यात काटछाट करता येते, नाकारता येते, दिलेली संमती मागेही घेता येते. ज्याच्या हातात फोन, तोच हे ठरवतो. सुनेच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडच्या नोंदी उघडायच्या की नाही, हे नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या फोनवर ठरावं का? मला ते मुळीच मान्य नाही. पोराचं आई-बापाकडे असावं. आजीचं, तिला विचारून, जो तिला दवाखान्यात नेतो त्याच्याकडे. बाकी प्रत्येक सज्ञान माणसाचं खातं त्याच्या स्वतःच्या नंबरवर. मुलगी अठराची झाली की तिचाही नंबर बदलून द्यावा.

पाचांची सुरुवात एकदम करू नका. ज्याची औषधं रोज चालू आहेत त्याच्यापासून करा, म्हणजे इथे आजीपासून. आणि जोडणी झाली तरी तिची कागदांची फाइल टाकू नका. पुढचा डॉक्टर या व्यवस्थेत असेलच, याची खात्री नाही.