एका वाक्यात एकच गोष्ट

“आई, अकरा वाजता डॉक्टरांकडे जायचंय, तर आधी अंघोळ उरकून घ्या, तोवर मी उपमा करते, आणि ती निळी साडी काढून ठेवलीय ती नेसा.” सून घाईत एका दमात बोलून जाते. सासूबाई जागच्या हलत नाहीत. घरच्यांना वाटतं, हट्टीपणा वाढलाय. पण सुनेच्या बोलण्यात पाच गोष्टी होत्या आणि पाचवी कानावर पडेपर्यंत पहिली निसटून गेली होती.

स्मृतिभ्रंशात जुनं विसरण्याच्या कितीतरी आधी, आत्ता ऐकलेलं धरून ठेवणं अवघड होतं. त्यातून आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. काय करायचं ते कळेपर्यंत आधीचं सगळं मनात सांभाळून ठेवावं लागतं आणि नेमकं तेच त्यांना जमत नाही. म्हणून वाक्य तोडायचं. समोर येऊन, नजरेला नजर मिळवून आधी “आई” म्हणायचं. त्यांनी पाहिलं की “पाणी गरम आहे.” मग थांबायचं. हातात टॉवेल असला तर अर्धं सांगणं तोच करतो. त्यानंतर “अंघोळ करूया.” डॉक्टरांचा विषय अंघोळ आणि नाश्ता झाल्यावर. साडी विचारायची तर कपाट उघडून नाही, दोनच साड्या समोर धरून: “निळी की हिरवी?”

धीर लागतो तो या थांबण्यात. उत्तर यायला आठ-दहा सेकंद लागू शकतात आणि ती शांतता आपल्याला सोसवत नाही. तिसऱ्या सेकंदाला आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. मदत करण्याच्या हेतूनेच, पण त्यांच्यासाठी तो दुसरा प्रश्न असतो. पहिल्याचं उत्तर जुळत आलेलं असतं, तेही मोडतं. पुन्हा सांगायचंच तर आधी त्याच शब्दांत सांगावं. तरीही नाही कळलं तर वाक्य आणखी छोटं करावं. ‘तो येणार आहे’ यापेक्षा ‘सुरेश येणार आहे’ बरं, कारण ‘तो’ कोण हे शोधण्याचे कष्ट वाचतात. आणि छोटं वाक्य म्हणजे बोबडं बोलणं नव्हे. “शहाणं बाळ ना, घास घे” हे साठ वर्षं संसार केलेल्या बाईला झोंबतं. शब्द हरवले तरी सूर कळतो. अशा वेळी त्या तोंड फिरवतात, यात माझ्या मते चूक त्यांची नाही.

गप्पांचंही तसंच आहे. पाहुणे येतात आणि हमखास विचारतात, “मावशी, मला ओळखलं का?” ही तोंडी परीक्षा झाली, तीही नापास होण्याची खात्री असलेली. त्यापेक्षा आपणच सांगावं: “मावशी, मी नंदा. तुमच्या शेजारची.” पुढेही प्रश्न नको, विधान करावं. “तुमच्या कुरडया फार पांढऱ्या व्हायच्या.” मग कदाचित उत्तर येतं, “गहू तीन दिवस भिजवायचे. पाणी रोज बदलायचं.” सकाळी काय खाल्लं ते आठवत नसलेली बाई चीक कसा शिजवायचा हे नीट सांगते, कारण वर्षानुवर्षं हाताने केलेलं काम फार उशिरा पुसलं जातं. तीच गोष्ट त्या दिवसातून चारदा सांगतील. चारदा ऐकावी.

अवघड होतं ते “हे अजून आले नाहीत?” असं त्या विचारतात तेव्हा. यजमान जाऊन कित्येक वर्षं झालेली असतात. दर वेळी “अहो, ते गेले ना” सांगणं म्हणजे दर वेळी नव्याने वैधव्य देणं. ‘येतील संध्याकाळी’ ही थापही मला पटत नाही. “बाबांची आठवण येतेय?” म्हणावं आणि बाबांच्या चहाचा, त्यांच्या सायकलचा विषय काढावा. मात्र त्यांनी सरळ “ते गेले का?” असं विचारलं तर मऊ आवाजात, एका वाक्यात खरं सांगावं आणि हात धरून बसावं. काय बोललो ते त्या विसरतील, पण बोलताना वाटलेलं दुःख किंवा सुख मागे राहतं. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून हेच पाहिलं: चित्रफीत आठवत नव्हती, तरी भावना टिकून होती.

या बोलण्याने स्मृती परत येत नाही. दिवस थोडे सुसह्य होतात, एवढंच. पण कालपर्यंत दोन शब्दांची वाक्यं समजणारं माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळलं, झोपाळू झालं किंवा भलतंसलतं बोलू लागलं, तर तिथे धीर धरू नका. अनेकदा मागे लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा एखादं नवं औषध असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.