सत्तर रुपये आणि सन्नाटा

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि मराठीची काळजी वाहणाऱ्यांच्या संख्येत एकदम भर पडली. त्यांतल्याच एका मान्यवर समीक्षकांचं भाषण मी नंतर एका परिसंवादात ऐकलं. जुन्या सिनेमांतली वाक्यं फोटोखाली चिकटवून एकमेकांना पाठवणारा समाज स्वतःचं वाक्य घडवायला विसरला आहे, असं ते म्हणाले. इथवर माझी तक्रार नाही. पुढच्या पिढीला बोलता येत नाही ही मागच्या पिढीची जुनी खात्री आहे आणि ती बाळगायला खर्च येत नाही. पण पुढे त्यांनी कारणमीमांसा केली. ही वाक्यं कुठेही बसतात, कारण ती पोकळ असतात. फ्री साइझच्या गाऊनसारखी, कुणाच्याच मापाची नसल्यामुळे सगळ्यांना होणारी. यावर टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचं उत्तर द्यायचं आहे.

पोकळ असणं एवढंच पुरेसं असतं तर ‘बरं, बघू’ हे महाराष्ट्राचं सर्वांत लाडकं वाक्य ठरलं असतं. मुलाच्या लग्नापासून नळाच्या जोडणीपर्यंत ते कुठेही चालतं. पण ‘बरं, बघू’ कुणी फोटोखाली छापून पाठवत नाही. पाठवतात ते ‘सत्तर रुपये वारले’. ज्यात रक्कम ठरलेली आहे, क्रियापद विचित्र आहे आणि जे एका सिनेमातल्या एका घरमालकापलीकडे कुणालाही लागू पडू नये, असं हे वाक्य.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, संवाद वसंत सबनीसांचे. त्यातला सरपोतदार हा घरमालक, म्हणजे सुधीर जोशी, मधुमेही आणि चिक्कू. औषधासाठी त्याने भाडेकरू धनंजय मानेकडे, म्हणजे अशोक सराफांकडे, सत्तर रुपये दिलेले असतात. औषध काही येत नाही. आणून देणारा मित्रच वारला, असं माने सांगतो. मग पैशांचं काय? तर तेही वारले. माणसासाठी राखून ठेवलेलं क्रियापद पैशांना लावलं, की त्यांच्यामागे तगादा लावता येत नाही. गेलेल्यांचा हिशेब मागणं वाईट दिसतं. घरमालकाच्या हातात उरतो तो फक्त सुतकाचा शिष्टाचार.

आता हे वाक्य आमच्या शिर्डीत कसं चालतं ते पाहा. इथला बराचसा व्यवहार उधारीवर आणि ओळखीवर चालतो. हारवाला फुलवाल्याचं देणं लागतो, लॉजवाला गाडीवाल्याचं, आणि जोडून सुट्ट्या आल्या की सगळे एकमेकांचं. माझ्या ओळखीच्या एका हारवाल्याने भागीदाराकडे अडकलेल्या पैशांबद्दल दुकानदारांच्या गटात अशोक सराफांचा तो चेहरा टाकला. अडकलेली रक्कम हजारांत होती, पण चित्रावर सत्तरच होते. त्याने आकडा बदलला नाही, कुणीच बदलत नाही. ‘बारा हजार वारले’ म्हटलं की ती तक्रार होते आणि तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. सत्तर म्हटलं की सरपोतदार उभा राहतो, माने उभा राहतो, आणि भागीदाराला कळतं की आपण त्या दोघांपैकी कोण आहोत.

यातली खरी गंमत तर पुढेच आहे. सिनेमात हे वाक्य बुडवणारा बोलतो. हारवाला बुडालेला होता. त्याने बुडवणाऱ्याचं वाक्य स्वतःच्या तोंडी घेतलं, भागीदाराने द्यायचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं, आणि त्यामुळे भागीदाराला ते देण्याची सोयच उरली नाही. दोन दिवसांत निम्मे पैसे आले. पोकळ वाक्याने वसुली होत नाही. या वाक्यात दोन माणसांचं नातं आधीच बांधलेलं आहे आणि त्याच्या कुठल्याही टोकाला उभं राहता येतं, म्हणून ते बसतं.

सबनीसांना हे कुणी शिकवायला नको होतं. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारा हा माणूस. दादा कोंडके त्यात रोज नवा मजकूर घालत, त्या दिवशीच्या राजकारणावर, त्या गावातल्या पुढाऱ्यावर. वगातलं वाक्य दर मुक्कामी नव्या माणसाला लागावं लागतं. लागलं नाही तर ते पुढच्या गावाला जात नाही. अशा तालमीत तयार झालेल्या लेखकाने तीन शब्दांत एक अख्खा व्यवहार बसवला, यात मला नवल वाटत नाही. त्या सभागृहात त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही, याचं मात्र वाटतं.

समीक्षकमहाशय संस्कृतचे जाणकार आहेत, म्हणून त्यांना त्यांच्याच अंगणात गाठतो. अकराव्या शतकातल्या काश्मिरी मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. त्याचं उदाहरण आहे अगदी साधं: सूर्य मावळला. वाक्य एक. पण सेनापतीला त्यातून कळतं, की शत्रूवर तुटून पडायची वेळ झाली. प्रियकराला भेटायला निघणारीला कळतं, की आता अंधार आहे, निघ. मजुराला कळतं, काम थांबव. गुराख्याला, गुरं आत घे. दुकानदाराला, माल आवर. कर्मठाला, संध्येला बस. आणि वाट पाहणाऱ्या एकीला एवढंच कळतं, की तो आजही आला नाही. शब्दकोशातला अर्थ सगळ्यांना एकच. मग हे बाकीचे अर्थ आले कुठून? मम्मट म्हणतो, कोण बोलतो, कुणाशी बोलतो, कुठल्या प्रसंगी बोलतो, यांतून व्यंग्यार्थ निघतो. वाच्यार्थ ठरलेला आणि व्यंग्यार्थ मोजता न येणारा, म्हणून व्यंजना ही वेगळी शक्ती मानलीच पाहिजे. तिला न मानणाऱ्यांशी त्याने मग असा वाद घातला आहे, की वाचताना वाटावं, याला त्यांतल्या एखाद्याने कधीतरी टाळ्यांच्या गजरात हरवलेलं असणार.

मला मम्मट आवडतो तो यासाठी, की वाक्य अनेक जागी बसतं म्हणून त्याने त्याला कमअस्सल ठरवलं नाही. अनेक जागी बसणं ही त्याच्या लेखी भाषेची ताकद आहे.

पण मम्मट मला पूर्ण पुरत नाही. त्याचं वाक्य निरागस आहे. ‘सूर्य मावळला’ याला स्वतःचा भूतकाळ नाही; जिथे जातं तिथला प्रसंग ते अंगावर घेतं. ‘सत्तर रुपये’ स्वतःचा प्रसंग, स्वतःचे लबाड आणि स्वतःचा चेहरा बरोबर घेऊन येतं. एक जुना प्रसंग नव्या प्रसंगावर ठेवला जातो आणि दोघांच्या कडा जुळत नाहीत. हसू त्या न जुळण्यात आहे. मग तो जुना प्रसंग कुणाला ठाऊकच नसेल तर? समीक्षकांची बाजू मला पहिल्यांदा जड वाटली ती इथे, आणि ती जड केली ती ‘शोले’ने.

‘इतना सन्नाटा क्यों है भाई?’ गटात कुणी बोलत नसलं, क्रिकेटमध्ये हरलो, निवडणुकीत आपटलो, की हे हजर. ते वापरणाऱ्या कित्येक पोरांनी ‘शोले’ पाहिलेला नाही. मूळ प्रसंग विनोदी नाहीच. रामगढचे अंध इमामसाहेब, म्हणजे ए. के. हंगल, काठी टेकत येतात. गाव गप्प उभं आहे, कारण समोर त्यांच्याच मुलाचं, अहमदचं, प्रेत आहे. गावातल्या प्रत्येकाला ते दिसतंय. एका बापालाच दिसत नाही. आणि तो अहमद कोण, तर सचिन पिळगांवकर. १९७५ ला ज्याच्या मरणाने हिंदीतलं हे वाक्य जन्माला घातलं, त्यानेच १३ वर्षांनी मराठीतला ‘वारले’ पडद्यावर आणला. हा निव्वळ योगायोग आहे. त्यावर सिद्धान्त उभारण्याचं काम मी विद्यापीठांवर सोपवतो.

प्रसंग गळून पडला तरी वाक्य चालतं, मग गाऊनवाल्यांचं खरं नाही का? ‘शोले’च्या संवादांची तर पॉलिडोरने वेगळी तबकडीच काढली होती. चित्र नाही, नुसतं ऐकायचं. वाक्यं पडद्यापासून सुटायला तेव्हाच सुरुवात झाली, मोबाइलची वाट न पाहता. म्हणजे पोकळ होण्याची क्रिया पन्नास वर्षं चालू आहे, असं म्हणायला जागा आहे.

शिर्डीत २०२० साली मी याचं प्रात्यक्षिक पाहिलं. साईबाबांचं जन्मस्थान पाथरी या विधानावरून वाद पेटला आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद झाली. मंदिर उघडं, दुकानं बंद. मोकळ्या रस्त्याचा फोटो कुणीतरी गटात टाकला, खाली इमामसाहेबांचं वाक्य. सगळे हसले, कारण सन्नाटा आमचा होता. आम्ही तो केला होता आणि आम्हीच तो उठवणार होतो. १७ मार्चला मंदिर दर्शनासाठी बंद झालं. ते उघडलं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. त्या मधल्या काळात कधीतरी त्याच रस्त्याचा तसाच फोटो, त्याच वाक्यासह, पुन्हा गटात आला. कुणीही हसणारा चेहरा टाकला नाही. एकाने लिहिलं, ‘हे काढ.’ तो कॉलेजातला पोरगा, आणि त्याने ‘शोले’ पाहिलेला नव्हता हे मला पक्कं माहीत आहे. काढायला का सांगितलं, असं मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, ‘काका, ते कुणी मेल्यासारखं वाटत होतं.’

म्हणजे प्रसंग गळाला होता आणि तरी आत होता. हंगलांचा तो आवाज, ‘भाई’वरचा तो ओशाळा सूर, आणि सगळ्यांना माहीत असलेलं एकालाच माहीत नसण्याची ती रचना. एवढं शिल्लक असलं तर सिनेमा न पाहिलेल्यालाही ते पोचतं. विनोदात आपण त्या रचनेतली हलकी बाजू वापरतो: सगळ्यांना ठाऊक आहे, विचारणारा वेड घेऊन पेडगावला निघाला आहे. परिस्थिती जड झाली की तीच रचना उलटी फिरते आणि वाक्य आपल्या मूळ मालकाकडे परत जातं. गाऊन असं करत नाही. म्हणून मम्मटात मी एवढीच दुरुस्ती सुचवीन: प्रसंग वाक्याला अर्थ देतो हे खरं, पण अशा वाक्याला काही प्रसंग नको असतात, आणि ते तसं सांगतं.

शिर्डीचा माणूस म्हटल्यावर मला हमखास विचारतात, की १९७७ च्या ‘शिर्डी के साईबाबा’तलं एखादं वाक्य असं का फिरत नाही. सोपं आहे. फिरणारं वाक्य बहुधा अडचणीत सापडलेल्या माणसाचं असतं: माने सापडलेला आहे, इमाम अंधारात आहेत. बाबांच्या जागी उभं राहून उधारी मागायची हिंमत आमच्यात नाही.

राहता राहिला स्वतःचं वाक्य घडवण्याचा मुद्दा. समीक्षकमहाशयांनी एक करावं. नात्यातल्या माणसाकडे थकलेले पैसे मागणारं मराठी वाक्य लिहून द्यावं; नातं तुटू नये, लाज वाटावी, हसूही यावं आणि ते तीन शब्दांत बसावं. अभिजात भाषेला हे जड नाही. त्यांनी ते पाठवलं की मी लगेच माझ्या मेहुण्याला धाडीन. आठ हजार आहेत.